‘तो माझ्यावर जळून राहिलाय’

मी ४४ वर्षांची. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १७ वर्षांपासून अकाउंट्सला आहे. एप्रिलमध्ये आमचे फायनान्स मॅनेजर रिटायर झाले. सगळे म्हणत होते, आता मॅडमच. पण कंपनीनं पुण्याहून ३१ वर्षांचा सीए आणला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट तो आला त्या दिवशी मीच सगळ्या फ्लोअरला संत्रा बर्फी वाटली. त्रास आहे तो त्याच्याकडून. पहिल्या दिवसापासून तो माझ्यावर जळून राहिलाय. माझा अनुभव त्याला खुपतो. मेलमध्ये ‘ॲज डिस्कस्ड’ लिहून टोमणे मारतो, मीटिंगमध्ये माझ्याकडे पाहत नाही. या टेन्शनमध्ये मी दोनदा त्याला डेटर्सचं एजिंग, म्हणजे कुणाकडे किती दिवसांची बाकी आहे ती यादी, पाठवायचंच विसरले. १७ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रात्री झोप लागत नाही, घरी लेकीवर ओरडणं होतं. माझी एक मैत्रीण मानसशास्त्रात एम.ए. आहे. ती फटकन म्हणाली, ‘अगं, हे तुझंच प्रोजेक्शन आहे.’ तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद आहे. तिचं खरं आहे का? आणि या माणसाशी मी वागू कशी?
– एक वाचक, नागपूर

ताई, मैत्रिणीचं खरं की खोटं हे एका पत्रावरून आम्हाला ठरवता येणार नाही, आणि एका वाक्यात तिलाही ते ठरवता आलं नसतं. पण तपासायची रीत आहे. ती सांगतो. त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थोडं थांबू.

ते वाक्य त्याच्या मेलचं नाही, ‘मला त्याचं काहीच वाटलं नाही’ हे आहे. सतरा वर्षं एका टेबलावर काम, सगळा फ्लोअर ‘आता मॅडमच’ म्हणतोय, आणि जागा तेरा वर्षांनी लहान माणसाला जाते. अशा वेळी राग आला, रडू आलं, अपमान वाटला, की चला, कटकट वाचली असं वाटलं, यातलं काहीही समजण्यासारखं आहे. ‘काहीच नाही’ हे मात्र विरळा. जिथं काहीतरी असायला हवं तिथं स्वच्छ मोकळी जागा दिसली, की मनोविश्लेषणाच्या वाटेनं काम करणारा माणूस आधी तिथं पाहतो.

या मोकळ्या जागेला दमन म्हणतात. दमन म्हणजे विसरणं, असं सर्रास समजलं जातं, आणि तिथंच घोटाळा होतो. तुम्ही घटना विसरलेल्या नाहीत. महिना, वय, बर्फी, सगळं आठवतं. दमन घटनेवर नाही, तिच्याशी जोडलेल्या इच्छेवर बसतं. ‘ती खुर्ची मला हवी होती, अजूनही हवी आहे, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पाहून माझ्या पोटात दुखतं’ ही ती इच्छा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१५ साली दमनावर लिहिताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्या कामाच्या आहेत. एक, दमनाचं काम एकदा करून संपत नाही. दार सतत आतून लोटून धरावं लागतं आणि त्यात रोजची ताकद खर्च होते. दोन, विचार बाहेर ठेवता आला तरी त्याच्यासोबतची भावना तशीच जिरत नाही. बरेचदा ती धाकधूक होऊन परत येते. न लागणारी झोप त्या खात्यातली असू शकते. जाणूनबुजून गिळलेला राग ही वेगळी गोष्ट. ‘मला राग आलाय, पण महिनाअखेरीपर्यंत बोलणार नाही’ असं म्हणणाऱ्याला आपण काय गिळलं ते ठाऊक असतं. दमनात ते ठाऊकच नसतं.

आता प्रक्षेपण, म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं प्रोजेक्शन. जी इच्छा ‘माझी’ म्हणून पाहवत नाही, ती समोरच्याची म्हणून दिसते. असूया ही आपल्याकडे फार लाजेची गोष्ट मानली जाते. दुसऱ्याच्या बढतीवर जळणारी बाई म्हणून स्वतःकडे पाहणं, तेही सतरा वर्षं सगळ्यांना जपून राहिल्यावर, कठीण आहे. त्यापेक्षा ‘तो जळतो’ हे सोसायला सोपं. या मांडणीत भावना तीच राहते, फक्त तिचा मालक बदलतो.

हे नुसतं सोफ्यावर झोपून सांगायचं तत्त्वज्ञान नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत असं दिसलं, की स्वतःतला नकोसा वाटणारा एखादा गुण मनातून दूर ठेवायची धडपड करणाऱ्या लोकांना तोच गुण दुसऱ्याच्या वागण्यात पटकन दिसतो. प्रयोग करणाऱ्यांनी याचं कारण साधं दिलं: जी गोष्ट आत येऊ नये म्हणून तुम्ही पहारा देता, ती पहारा देण्यापुरती का होईना मनात सतत जागी असते, आणि मग संदिग्ध वागणुकीला तीच चटकन चिकटते. दुसऱ्याच्या माथी मारल्यानं ती आपल्यातून जाते, असं मात्र समजू नका. पोटातलं दुखणं तसंच राहतं आणि वर एक शत्रू तयार होतो.

बर्फीबद्दल एक शब्द. दमनाच्या मदतीला कधी कधी उलट वागणं येतं. जिथं राग आहे तिथं माणूस जास्तीचं गोड होतं. पण एका दिवसाच्या बर्फीवरून काही सिद्ध होत नाही. नव्या माणसाचं तोंड गोड करणं हा आपला साधा रिवाज आहे. उलट वागणं ओळखायचं ते अतिरेकावरून आणि ताठपणावरून: थांबवायचा प्रयत्न केला तरी थांबत नाही, आणि समोरच्यानं दखल घेतली नाही की गोडव्याच्या जागी एकदम संताप येतो. तसं होत असेल तर नोंद घ्या, नसेल तर बर्फी सोडून द्या. लेकीवरचं ओरडणं मात्र सरळ विस्थापन आहे. ज्याच्यावर ओरडता येत नाही त्याच्या वाट्याचं तिला मिळतं आहे. वरच्या गोष्टीचा उलगडा होईस्तोवर तिला एवढंच सांगा, की हे तुझ्यामुळे नाही.

आता तपासायची रीत. एक वही करा आणि दोन आठवडे, घरी परतताना लोकमान्य नगरला मेट्रोत बसलात की सीताबर्डी येईपर्यंतच्या वेळात लिहा. दिवसाला एकच प्रसंग. पानाचे चार भाग पाडा. पहिल्यात फक्त तेवढंच, जेवढं फ्लोअरवरच्या कॅमेऱ्याला दिसलं आणि ऐकू आलं असतं. दुसऱ्यात तुम्ही त्याचा काय अर्थ लावला. तिसऱ्यात त्या मिनिटाला अंगात काय झालं. चौथ्यात, तीच वागणूक आणखी कुणाच्या वाट्याला आली.

तुमचीच ‘ॲज डिस्कस्ड’वाली मेल घेऊ. समजा मजकूर असा होता: काल बोलल्याप्रमाणे एजिंग शुक्रवारपर्यंत द्या, १८० दिवसांवरच्या बाकीचं कारण प्रत्येक पार्टीपुढे लिहा. पहिल्या भागात एवढंच येईल, शिवाय मेल किती वाजता आली आणि सीसीत कोण होतं. दुसऱ्या भागात तुम्ही कदाचित लिहाल, ‘बाई विसरते, हे वरच्यांना दाखवायचं म्हणून लिहिलं.’ तिसऱ्यात: छातीत गच्च, कान गरम, मेल तीनदा वाचली. चौथ्यासाठी उठून पाहावं लागेल. स्टोअर्सच्या माणसाला, परचेसवाल्याला त्याच्या मेल कशा येतात? तो सगळ्यांनाच ‘ॲज डिस्कस्ड’ लिहीत असेल, तर ती त्याची ऑडिट फर्ममधून आणलेली सवय आहे. तुम्हालाच लिहीत असेल आणि नेहमी संचालकांना सीसी ठेवून, तर त्यात खरंच काहीतरी आहे.

दोन आठवड्यांनी दहा-बारा पानं होतील. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या भागातलं अंतर पाहा. पहिल्यात दोन ओळी आणि दुसऱ्यात त्याच्या मनातल्या हेतूंबद्दल आठ ओळी, असं पानामागून पान येत असेल तर त्या जादाच्या सहा ओळी कुठून आल्या हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला इतक्या खात्रीनं, इतक्या थोडक्या पुराव्यावर कळतं आहे, ही प्रक्षेपणाची सगळ्यात भरवशाची खूण. तिसरा भागही बोलतो. शुक्रवारच्या एका एजिंगवर कान गरम होतात, तर आग एजिंगची नसावी.

विसरण्यासाठी वेगळं पान ठेवा. गेल्या महिन्यात काय काय राहिलं ते सगळं लिहा. फक्त त्यानं मागितलेलंच राहिलं असेल, आणि जीएसटीआर-३बी मात्र २० तारखेच्या आत, बँक रिकन्सिलिएशन वेळेवर, तर विसरण्याला पत्ता आहे. तोंडानं म्हणता न येणारं ‘नाही देत जा’ ते विसरण्यातून म्हणून टाकलं जातं. पण गॅस बंद करायचा राहतो, ओळखीच्या पार्टीचं नाव आठवत नाही, अशा सगळीकडे गळती असेल तर मानसशास्त्र बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. या वयात थायरॉईड, बी-१२, पाळी थांबण्याच्या आधीचे बदल आणि नुसती अपुरी झोप यानंही हेच होतं.

यापुढची पायरी जरा जड आहे, पण आपल्याच मातीतल्या एका माणसाच्या कामावर उभी आहे. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ साली दमन याच विषयावर प्रबंध लिहिला, तो फ्रॉइडला पाठवला, आणि पुढच्या वर्षी भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. त्यांचं म्हणणं असं होतं, की इच्छा जोडीनं राहतात. मारावंसं वाटणं आणि मार खावासा वाटणं यातली एक वर असते तेव्हा दुसरी खाली असते. म्हणून ते रुग्णाला कल्पनेनं एकदा एका जागी आणि एकदा समोरच्याच्या जागी बसवत. तुमच्या वाक्यांचे कर्ते असेच बदलून पाहा. दार लावून, आवाज काढून, हळू वाचा: माझा त्याच्यावर जळफळाट होतो. त्याचं वय मला खुपतं. मीटिंगमध्ये मी त्याच्याकडे पाहत नाही.

कुठल्या वाक्याला जीभ अडते ते पाहा. मात्र एक सावधगिरी, आणि ती आम्ही फार महत्त्वाची मानतो. ‘छे, हे माझं नाहीच’ असं मनात आलं, तर तेवढ्यानं ते तुमचंच आहे असं ठरत नाही. ‘हो’ म्हणाली तर खरं आणि ‘नाही’ म्हणाली तर दमन, हा डाव कुणालाही अडकवतो आणि त्यातून काहीच कळत नाही. १९३७ साली, म्हणजे उतारवयात, खुद्द फ्रॉइडनंही लिहिलं, की रुग्णाचा होकार किंवा नकार यातलं काहीच निर्णायक नसतं. पाहायचं ते त्यानंतर काय येतं ते. आपोआप एखादी जुनी आठवण वर आली, जिथं असंच काहीतरी दुसऱ्याला मिळालं आणि तुम्हाला ‘समजूतदार’ म्हणून शाबासकी. किंवा रडू आलं आणि मग बऱ्याच दिवसांनी झोप लागली. किंवा दुसऱ्या दिवशी तो माणूस थोडा कमी दुष्ट दिसला. असं काही घडलं तर वाक्य लागू पडलं समजा. काहीच घडलं नाही, वाक्यं नुसती परकी वाटली, तर सोडून द्या आणि चौथ्या भागावर भर द्या. कदाचित तो खरंच त्रास देतो आहे.

कारण दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. असूयेवर १९२२ साली लिहिताना फ्रॉइडनं हे बारकाईनं नोंदवलं आहे, की प्रक्षेपण करणारी माणसं आपली भावना हवेत फेकत नाहीत. जिथं त्या जातीचं थोडं काही आधीच असतं, नेमकं तिथंच ती बसवतात. ३१व्या वर्षी अनोळखी शहरात आलेल्या मॅनेजरला, जिला प्रत्येक पार्टीची कुंडली पाठ आहे अशा बाईची धास्ती वाटत नसेलच असं कोण म्हणेल? आणि आता चक्र पाहा. त्याची धास्ती तुम्हाला मत्सर दिसते. तुम्ही आखडता. एजिंग राहतं. मग तो बोललेलं लेखी करायला लागतो, ‘ॲज डिस्कस्ड’. तुमच्यासाठी तो पुरावा होतो, तुम्ही आणखी आखडता, तो सीसी वाढवतो. सहा महिन्यांत तो खरंच तुमच्या विरुद्ध होईल, आणि तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर ठरलेलं असेल. प्रक्षेपणानं ऑफिसात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते हे. ते समोरच्याला आपल्या चित्राबरहुकूम घडवत आणतं.

हे चक्र तुम्ही तुमच्या बाजूनं तोडू शकता आणि त्यासाठी त्याला मनातलं काही सांगायची गरज नाही. ‘सर, मला तुमचा हेवा वाटत होता’ असली कबुली कृपा करून देऊ नका. तिचं त्यानं काय करायचं? कामापुरतं बोला: ‘सर, दोनदा एजिंग राहिलं, ते माझ्याकडून. यापुढे दर शुक्रवारी चारच्या आत देते. जुन्या पार्ट्यांची कारणं मला तोंडपाठ आहेत. एकदा अर्धा तास बसलो तर तुम्हाला प्रत्येक वेळी मेल करावी लागणार नाही.’ मग चार शुक्रवार ते खरंच द्या. त्याचा सूर बदलला तर ती चक्राची गोष्ट होती. तुमच्याकडून एकही चूक नसताना चार आठवड्यांनी टोचणं तसंच राहिलं, काम काढून घेतलं जाऊ लागलं, चारचौघांत अपमान होऊ लागला, तर वहीतला पहिला भाग तारखांसकट एचआरकडे न्यायला तयार आहे. म्हणूनच त्यात अर्थ लिहायचा नाही, फक्त घडलेलं.

दुसरं बोलणं त्याच्याशी नाही, तुमच्या संचालकांशी आहे, आणि आमच्या मते खरं राहून गेलेलं काम तेच. तुम्हाला काहीच वाटलं नाही, म्हणून तुम्ही काही विचारलंही नाही. दमनाची ही किंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: जळफळाटासोबत त्याच्या पोटातली रास्त मागणीही आत कोंडली जाते. ‘त्या जागेसाठी माझा विचार झाला होता का? नसेल तर कशामुळे? पदवीची अट होती की आणखी काही? पुढच्या दोन वर्षांत माझ्यासाठी काय आहे?’ हे विचारायचा तुम्हाला सतरा वर्षांनी पूर्ण अधिकार आहे. उत्तर ‘सीएच हवा होता’ असं आलं, तर निदान ज्याचा राग यायला हवा ती गोष्ट समोर येईल. ती त्या पोरानं केलेली नाही. बोलताना रडू येईल अशी भीती असेल तर चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि कागदाकडे पाहून विचारा.

दोन आठवडे वही लिहूनही झोप परतली नाही, किंवा संशय ऑफिसातून बाहेर पसरला, म्हणजे शेजारी, नातेवाईक, फोनवर कुणी पाळत ठेवतंय असं वाटू लागलं, तर वही बंद करा. ते वहीच्या आवाक्यातलं नाही. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि नुसतं हेच गाठोडं सोडवून घ्यायचं असेल तर मनोविश्लेषणाच्या पद्धतीनं काम करणारा थेरपिस्ट शोधा. आठवड्याला एकदा, साधारण पन्नास मिनिटं, काही महिने.

राहिली मैत्रीण. ती बरोबर असली तरी तिनं केलं ते चूकच. दमन काय, प्रक्षेपण काय, हे मनाचे बचाव. बचाव म्हणजे माणूस ज्याला टेकून उभा आहे तो खांब. आत काय भीती आहे ते न विचारता तो ओढून काढला, की माणूस दुसरा खांब आणखी घट्ट धरतो. तुम्ही अबोला धरलात. या क्षेत्रातली शिस्त अशी, की आधी बचाव का लागला ते समजून घ्यायचं, मग बचावाला हळूच नाव द्यायचं, आणि आतल्या इच्छेचं नाव सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर माणसालाच घेऊ द्यायचं. तुम्हीही उद्या फ्लोअरवर कुणाला ‘हे तुझं प्रोजेक्शन आहे’ म्हणू नका. तिला फोन मात्र करा. ‘तुझं खरं होतं’ असं म्हणायची काही गरज नाही. एवढंच सांगा, की ती खुर्ची मला हवी होती गं.